नाइलाजाची मुदत

पाहुण्याला निरोप देताना आपण 'जरूर या' म्हणतो. हा 'जरूर' अरबीतल्या 'दरूरा' या शब्दाच्या घरातला आहे. फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत येईपर्यंत त्याची धार गेली. मूळ शब्द 'दरर' म्हणजे हानी, इजा यावरून आलेला. इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, दरूरा हा शब्द जीव जाण्याची, एखादा अवयव निकामी होण्याची किंवा तितक्याच गंभीर नुकसानीची वेळ आली असेल तरच वापरतात. अशा वेळी हराम गोष्टही करायला मुभा मिळते. 'अद-दरूरात तुबीहुल महज़ूरात', नाइलाज निषिद्धाला मुभा देतो, हे त्या शास्त्रातलं सगळ्यात प्रसिद्ध सूत्र असावं.

पुण्यात आमच्या घरी याचं रोजच्या बोलण्यातलं रूप होतं, 'मजबूरी में सब जायज़'. व्याजाने कर्ज काढलं, नोकरीसाठी जुम्म्याची नमाज बुडाली, दवाखान्यातल्या कॅप्सूलबद्दल शंका आली, की हे वाक्य म्हणायचं आणि पुढे जायचं. मोठा झाल्यावर कळलं की हे सूत्राचं अर्धंच वाक्य आहे. ओटोमन साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता केली. तिच्या सुरुवातीला अशी नव्याण्णव सूत्रं दिली आहेत. त्यातलं एकविसावं कलम म्हणजे हेच प्रसिद्ध वाक्य. पण बाविसावं लगेच सांगतं की नाइलाज त्याच्या मापानेच मोजायचा, आणि तेविसावं सांगतं की अडचणीमुळे मिळालेली मुभा अडचण संपली की संपते. आपण एकविसावं पाठ केलं आणि पुढची दोन सोडून दिली.

मुभा जो मागतो त्याच्या डोक्यावर मापाचं, मुदतीचं आणि भरपाईचं ओझं बसतं. मुभा जितक्या जास्त लोकांसाठी मागितली, तितकं हे ओझं वाढतं. माझ्या या म्हणण्याला आधार एका लशीच्या गोष्टीचा आहे. ती लस माझ्याच शहरात, हडपसरला, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि वाद झाला तो तिथून हजारो किलोमीटरवर, इंडोनेशियात. पण आधी जुन्या फकीहांकडे, म्हणजे फिक्हच्या जाणकारांकडे, जायला हवं. त्यांनी घालून दिलेल्या मर्यादा पाहिल्याशिवाय त्या वादातलं बरोबर काय आणि चूक काय ते दिसत नाही.

कुराणात पाच ठिकाणी ही मुभा येते. बहुतेक ठिकाणी संदर्भ एकच आहे, मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस. सूरह बकरामधली आयत म्हणते की जो नाइलाजात सापडला, ज्याच्या मनात हाव नाही आणि जो हद्द ओलांडत नाही, त्याला पाप नाही. मुभा आणि तिच्या दोन अटी एकाच वाक्यात आहेत. पुढच्या सगळ्या पिढ्यांनी त्या दोन अटींवरच डोकं खपवलं.

पहिला प्रश्न, नाइलाज सुरू कधी होतो? तेराव्या शतकातले दमास्कसचे नववी हे शाफई या सुन्नी कायदापंथाचे मोठे फकीह. त्यांनी दोन टोकं बांधून दिली. नुसती कडकडून भूक लागली म्हणून मेलेलं जनावर खाता येत नाही, यावर मतभेद नाही. आणि मरणाच्या दारात पोचेपर्यंत थांबलंच पाहिजे असंही नाही, यावरही मतभेद नाही, कारण त्या अवस्थेत खाल्लेलं अंगी लागतच नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. धोका दाट संभवाचा हवा, पण तो डोळ्यांसमोर घडून जाईपर्यंत वाट पाहायची नाही. लशीच्या प्रश्नात हाच मुद्दा कळीचा ठरतो.

दुसरा प्रश्न, किती खायचं? हनफी या दुसऱ्या सुन्नी पंथाचं मत आणि शाफई पंथातलं बळकट मानलेलं मत असं की जीव टिकेल एवढंच. मदीनेचे इमाम मालिक, जे ७९५ साली वारले, ते 'मुवत्ता' या आपल्या ग्रंथात जास्त सैल आहेत. ते म्हणतात, पोटभर खावं, पुढच्या वाटेसाठी शिदोरीही बांधून घ्यावी, आणि दुसरं काही मिळालं की ती टाकून द्यावी. वरवर पाहिलं तर हा मोठा फरक आहे. पण शेवटच्या मुद्द्यावर दोघं एकत्र येतात. शिदोरी बांधलेला माणूस चांगलं अन्न दिसल्यावर 'आता बांधलंच आहे तर संपवू' असं म्हणू शकत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण आठवेल. दुष्काळात त्याने एका माणसाचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले. त्या माणसाने उष्टं पाणी पुढे केलं तेव्हा मात्र नको म्हणाला. कुळीथ खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळेल, हे त्याचं कारण. वेगळा धर्म, वेगळा काळ, पण माप अगदी बाविसाव्या कलमाचं. आपद्धर्म हा शब्द असलेल्या भाषेत दरूरा समजावणं अवघड जाऊ नये.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. माझ्या नाइलाजाची किंमत कोण देणार? मालिकांना विचारलं होतं की भुकेल्या माणसासमोर एकीकडे मेलेलं जनावर आहे आणि दुसरीकडे कुणाची तरी फळबाग, शेत किंवा शेळ्यामेंढ्या, तर त्याने काय खावं? त्यांचं उत्तर असं: मालक त्याच्या नाइलाजावर विश्वास ठेवतील, त्याला चोर ठरवून हात तोडायची वेळ येणार नाही असं वाटत असेल, तर त्याने त्या मालातलं भूक भागेल एवढं खावं, बरोबर काही नेऊ नये. मेलेल्या जनावरापेक्षा हे बरं. पण विश्वास बसणार नाही अशी भीती असेल तर मेलेलं जनावर बरं. मग ते पुढे जोडतात की मला धास्ती वाटते ती मुळीच नाइलाज नसलेल्या माणसाची. हेच निमित्त करून तो लोकांचा माल, शेतं, फळं लुटायला लागेल.

बाराशे वर्षांपूर्वीचा माणूस इथे फक्त हराम-हलाल ठरवत नाही. दावा करणाऱ्यावर समाजाचा विश्वास बसेल का, हा त्याच्या उत्तराचाच भाग आहे. नाइलाज खरा असून भागत नाही, तो पटावाही लागतो. मजल्लाचं तेहेतिसावं कलम याच वळणाचं आहे: नाइलाजाने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. भुकेने दुसऱ्याची भाकरी खाल्लीस, पाप लागलं नाही, पण भाकरीचे पैसे द्यावे लागतील. पाप माफ झालं तरी देणं शिल्लक राहतं.

आणि काही देणी अशी की ती फेडताच येत नाहीत, म्हणून तिथे मुभाच नाही. ११११ साली वारलेल्या गज़ालींनी बुडणाऱ्या नावेचं उदाहरण घेतलं आहे. एकाला पाण्यात लोटलं तर बाकीचे वाचतील. गज़ाली म्हणतात, नाही, चिठ्ठ्या टाकूनसुद्धा नाही. माझा जीव वाचवायला निरपराधाचा जीव घेणं हे नाइलाजाच्या कक्षेबाहेर राहतं.

आता ज्या दारातून आजचे बहुतेक प्रश्न आत येतात ते दार. गज़ालींचे गुरू जुवैनी, निशापूरचे. त्यांनी कल्पना केली की सगळीकडे हरामच पसरलं आहे, स्वच्छ कमाईचा माल मिळतच नाही. मग लोकांनी प्रत्येक वेळी जीव जायची वेळ येईपर्यंत थांबायचं का? तसं केलं तर शेती थांबेल, धंदे बसतील, माणसं कमजोर होऊन मरतील. म्हणून सगळ्या समाजाची गरज, म्हणजे 'हाजा', एका माणसाच्या दरूराच्या जागी धरावी. मजल्लाचं बत्तिसावं कलम हेच सांगतं. जुवैनींनी तिथेही रेघ ओढली होती. गरज भागेल आणि नुकसान टळेल एवढंच घ्यायचं, चैन आणि चवीढवीसाठी नाही. पण खरं सांगायचं तर हे दार रुंद आहे. 'जीव जातो आहे' हे तपासता येतं. 'समाजाला गरज आहे' हे कोणीही बोलू शकतो, आणि सत्तेवर बसलेला सगळ्यात सहज बोलतो.

इंडोनेशियात नेमका या दारावर काय प्रकार घडला ते पाहू. तिथे 'मजलिस उलमा इंडोनेशिया' ही १९७५ साली स्थापन झालेली उलमांची, म्हणजे धर्मपंडितांची, परिषद फतवे देते. औषधांची आणि खाद्यपदार्थांची हलाल-तपासणी करणारी तिची स्वतःची यंत्रणाही आहे. म्हणजे तिथे फतवा नुसत्या पुस्तकांवरून निघत नाही. कारखान्याची कागदपत्रं मागवून घटक बघितले जातात.

हजला जाणाऱ्यांना सौदी अरेबिया मेंदूज्वराची, मेनिंजायटिसची लस सक्तीची करतं. २००९ साली परिषदेने सांगितलं की ग्लॅक्सोच्या मेन्सवॅक्स लशीच्या उत्पादनात डुकरापासून आलेला घटक वापरला गेला आहे, म्हणून ती हराम. पण फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक असलेल्या, हजला जाणाऱ्याला दुसरी लस मिळत नाही, म्हणून गरजेपोटी चालेल. वर्षभरात नोव्हार्टिसची आणि चीनच्या झेजियांग तिआनयुआन कंपनीची लस तपासणीत हलाल ठरली. २०१० च्या फतव्याने त्या दोन लशींना मान्यता दिली आणि त्याच कागदावर मेन्सवॅक्सची आदल्या वर्षीची मुभा संपली असं जाहीर केलं.

तेविसावं कलम इथे शब्दशः लागू झालं. नाइलाज संपला, मुभा संपली, आणि ती संपली हे सांगणारा कागद निघाला. नाइलाजाच्या नावाने मिळालेल्या कितीतरी सवलती बघाव्यात. व्याजावर असो, विम्यावर असो, सुरू झाल्याची तारीख सापडते, संपल्याची सापडत नाही. म्हणून हा छोटा, कुणाच्या फारसा लक्षात न राहिलेला फतवा मला आदर्श वाटतो.

मग २०१६. परिषदेने लसीकरणाबद्दल एक सर्वसाधारण फतवा दिला. लस घेणं तत्त्वतः योग्यच आहे. लस हलाल असावी. हराम घटकाची लस तीन गोष्टी जमल्या तरच चालेल. दरूरा किंवा त्या पायरीची गरज असावी, हलाल पर्याय नसावा, आणि दोन्ही गोष्टींची ग्वाही विश्वासू तज्ज्ञांनी द्यावी. लस न घेतल्याने मृत्यू, गंभीर आजार किंवा कायमचं अपंगत्व येणार असेल तर लस घेणं नुसतं चालेल एवढंच नाही, ती वाजिब, म्हणजे कर्तव्य होते. सरकारला त्यात स्पष्ट सूचना होती की हलाल लशी मिळण्याची हमी द्या, आणि उत्पादकांनी प्रमाणपत्रासाठी यावं.

म्हणजे नियम आधीच लिहून ठेवलेले होते. तरीही २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावा बेटावर गोवर-रुबेलाची मोहीम प्रमाणपत्राचा प्रश्न न सोडवताच झाली. लस सिरमची, पुण्याची. साडेतीन कोटींच्या आसपास मुलांना ती टोचली गेली, उद्दिष्ट पूर्ण झालं. मग १ ऑगस्ट २०१८ ला जावाबाहेरच्या २८ प्रांतांत दुसरा टप्पा सुरू झाला, तीन कोटींहून जास्त मुलांसाठी. या वेळी मात्र गावागावांतून आवाज उठला की लस हलाल आहे का ते आधी सांगा. काही प्रांतांत मोहीम थांबली. आरोग्यमंत्री परिषदेकडे गेल्या, कागदपत्रं मागवली गेली, आणि २० ऑगस्टला, म्हणजे मोहीम सुरू होऊन जवळजवळ तीन आठवडे झाल्यावर, फतवा आला.

लशीत डुकराचं काय असतं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण याबद्दल भलभलत्या कल्पना आहेत. विषाणू जिवंत पेशींतच वाढतो. प्रयोगशाळेत या पेशी भांड्याच्या तळाला चिकटून वाढतात आणि त्या सोडवून घ्यायला ट्रिप्सिन नावाचं विकर लागतं. ते पूर्वापार डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. पुढे ते धुऊन काढलं जातं. दुसरा पदार्थ जिलेटिन. लस वाळवून साठवताना विषाणू टिकावा म्हणून ते घालतात, आणि ते बरेचदा डुकराच्या कातडीपासून बनतं. तपासणीत डुकराच्या कातडीपासून आणि स्वादुपिंडापासून आलेले घटक आढळले.

फतव्याचा निष्कर्ष दोन पायऱ्यांचा होता. लस हराम, कारण उत्पादनात डुकरापासूनचे घटक वापरले आहेत. तरी सध्या वापर मुबाह, म्हणजे चालेल. कारणं तीन: दरूराची स्थिती आहे, हलाल गोवर-रुबेला लस सापडलेली नाही, आणि लस न घेण्याचा धोका विश्वासू तज्ज्ञांनी सांगितला आहे. हलाल लस सापडली की मुभा संपेल, हेही लिहिलेलं होतं.

कुणी म्हणेल, धडधाकट मूल अंगणात खेळतं आहे, इथे नाइलाज कुठला? मला वाटतं परिषदेचं उत्तर बरोबर होतं आणि ते नववींच्या दोन टोकांच्या मधे बसतं. गोवराची लस गोवर झाल्यावर कामाची नसते. तो इतक्या वेगाने पसरतो की साधारण ९५ टक्के मुलांना लस असेल तरच साखळी तुटते. रुबेला मुलाला फारसं काही करत नाही. पण तेच मूल घरातल्या गरोदर बाईला तो देऊ शकतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाला तर पोटातलं बाळ बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयातला दोष घेऊन जन्मू शकतं. मरणाच्या दारात खाल्लेलं अंगी लागत नाही, हे लशीइतकं दुसऱ्या कशालाच लागू पडत नाही. इथे 'हाजा दरूराच्या जागी' म्हणायचीही गरज नव्हती, आणि परिषदेने २०१८ ला सरळ दरूराच म्हटलं.

आणि तरीही मोहीम कोसळली. जावामध्ये शंभर टक्के गाठणाऱ्या देशात दुसऱ्या टप्प्याने ९५ चं उद्दिष्ट गाठलं नाही. सुमात्राच्या टोकावरचा आचेह हा प्रांत तर दहा टक्क्यांच्याही आत राहिला. लोकांनी कागदातलं 'हराम' ऐकलं, 'चालेल' ऐकलंच नाही.

यावरून बऱ्याच जणांनी, त्यात आरोग्यक्षेत्रातली माझ्या ओळखीची भली माणसंही आहेत, एक निष्कर्ष काढला: हराम शब्द उच्चारायचाच कशाला? त्यांच्या हाताशी शास्त्रातलंच एक साधन आहे, 'इस्तिहाला', म्हणजे पूर्ण रूपांतर. दारूचा सिरका झाला की तो हलाल होतो, कारण वस्तू बदलली. तसंच डुकराच्या कातडीचं जिलेटिन झालं, त्यावर इतक्या रासायनिक प्रक्रिया झाल्या, तर ते डुकराचं राहिलंच कुठे? १९९५ साली कुवेतमध्ये फकीह आणि वैद्यकतज्ज्ञांची एक परिषद झाली, तिने जिलेटिनबाबत हाच कौल दिला होता. हे मत हलकं नाही, हनफी परंपरेत त्याला चांगला आधार आहे.

पण इंडोनेशिया प्रामुख्याने शाफई आहे, आणि शाफई पंथ रूपांतराची सूट फार थोड्या गोष्टींना देतो, जसं आपोआप सिरका झालेली दारू. डुकराच्या बाबतीत तो विशेष कडक आहे. त्या समाजाला 'आजपासून तुमचा पंथ सोडा' असं सांगून लस टोचणं हे विश्वास मिळवणं नव्हे. मला त्याहून मोठी अडचण दुसरीच वाटते. इस्तिहाला म्हटलं की देणं मिटतं. वस्तू हलालच, मग पर्याय शोधायची जबाबदारी कुणावरच राहत नाही. दरूरा म्हटलं की 'हराम' हा शब्द जागा राहतो आणि दर वर्षी कुणाला तरी विचारत राहतो की पर्यायाचं काय झालं. २०१० ला मेन्सवॅक्सची मुभा संपली ती हा शब्द जागा ठेवल्यामुळेच. ज्याला इस्तिहाला पटतं त्याने आपल्या मुलाला त्या आधारावर खुशाल लस द्यावी. पण ज्या संस्थेला ते पटत नाही तिने निव्वळ सोयीसाठी ते बोलू नये.

मग २०१८ ला चुकलं काय? माझ्या मते चूक फतव्यात नव्हती, दावा करणाऱ्यात होती. इथे मला 'मुवत्ता'मधलाच दुसरा एक प्रसंग आठवतो. खलीफा उमर यांच्यासमोर हातिब नावाच्या माणसाचे गुलाम आणले गेले. त्यांनी मुज़ैना टोळीतल्या एकाची सांडणी चोरून, कापून खाल्ली होती. उमर यांनी आधी हात तोडायचा हुकूम दिला. मग मालकाकडे वळून म्हणाले, मला वाटतं तू यांना उपाशी ठेवतोस. शिक्षा थांबली. सांडणीवाल्याला किंमत विचारली. चारशे दिरहमला मागणी आली होती, तरी दिली नाही, असं तो म्हणाला. उमर यांनी गुलामांच्या मालकाला आठशे भरायला लावले. दुप्पट किंमत घेण्याची आपल्याकडची रीत नाही असं मालिक तिथेच नोंदवतात, म्हणजे कायदा म्हणून तो आकडा टिकला नाही. पण उमर यांनी विचारलेला प्रश्न टिकतो. भूक खरी होती, म्हणून गुलाम सुटले. भूक कुणी निर्माण केली, हा वेगळा प्रश्न विचारला गेला, आणि भुर्दंड त्याला पडला.

याच विचाराची एक बाजू जुन्या मतभेदातही दिसते. लुटीला निघालेला माणूस वाटेत उपाशी पडला तर त्याला मेलेलं जनावर खायची मुभा आहे का? हनफी म्हणतात आहे, जीव तो जीव. शाफई म्हणतात, आधी तौबा कर, मग खा. मी इथे हनफींच्या बाजूचा आहे. पण शाफईंचा प्रश्न मला नाकारता येत नाही, की या नाइलाजापर्यंत तू कुठल्या वाटेने आलास?

मुलाला किंवा आईबापाला हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांची मुभा पूर्ण आहे, ते सांडणी खाणारे उपाशी गुलाम आहेत. प्रश्न मंत्रालयाचा आहे. २०१६ ला लेखी सूचना मिळाली होती. २०१७ ला साडेतीन कोटी डोस दिले गेले. त्या सगळ्या काळात कागदपत्रं तपासायला दिली असती, तर हाच फतवा, हीच मुभा मोहिमेच्या आधी सहा महिने मिळाली असती. खेडोपाडीच्या इमामांनी ती जुम्म्याच्या खुतब्यात समजावून सांगितली असती, की हराम आहे पण आज चालतं, का चालतं आणि कधीपर्यंत. त्याऐवजी ऑगस्टमध्ये, अर्ध्यावर आलेल्या मोहिमेत, आईबापांना एकाच दिवशी दोन बातम्या मिळाल्या की लस हराम आहे आणि ती टोचून घ्या. मालिकांनी घातलेली अट आठवते का, की विश्वास बसेल अशी खात्री असेल तर? इथे नाइलाज खरा होता, तो पटला नाही, आणि न पटण्याचं कारण उशीर हे होतं.

२०२१ ला करोनाच्या वेळी हा क्रम सुधारलेला दिसतो. जानेवारीत सिनोव्हॅक लशीला हलाल ठरवून फतवा आला, मग लसीकरण सुरू झालं. मार्चमध्ये ॲस्ट्राझेनेकाचे दक्षिण कोरियात बनलेले डोस आले. त्यावर परिषदेने ट्रिप्सिनच्या मुद्द्यावरून हराम म्हटलं आणि पाच कारणांनी मुभा दिली. त्यातलं पहिलं कारण 'दरूराच्या जागी असलेली हाजा', म्हणजे जुवैनींचं दार. तिसरं, हलाल लस पुरेशी नाही. पाचवं कारण मला वाचताना थांबवून गेलं: जगात लस कमी असल्यामुळे सरकारला निवडीचं स्वातंत्र्य उरलेलं नाही.

हे कारण त्या वर्षी खरं होतं. श्रीमंत देशांनी आधीच करार करून ठेवले होते, बाकीच्यांना येईल ती लस घ्यावी लागत होती. पण हे कारण घातकही आहे. 'आमच्या हातात निवड नव्हती' हे वाक्य प्रत्येक सरकार प्रत्येक वर्षी म्हणू शकतं. महामारीच्या दुसऱ्या वर्षी ते दरूरा होतं. दहाव्या वर्षी तेच म्हटलं तर ते हातिबने गुलामांना उपाशी ठेवण्यासारखं होतं. म्हणून अशा फतव्यात कारण लिहून पुरणार नाही, पुन्हा तपासणीची तारीख लिहायला हवी. आज 'हलाल लस सापडेपर्यंत' असं लिहितात. ती सापडावी म्हणून धडपड कुणी करायची, त्याने काय केलं हे कुणाला सांगायचं, हे शिफारशीत राहतं, निर्णयात येत नाही. २०१८ च्या फतव्याने सरकारला सांगितलं होतं की हलाल लशींची हमी द्या, जागतिक आरोग्य संघटनेत आणि मुस्लिम देशांबरोबर मिळून हा विषय लावून धरा. या ओळी मुभेच्या अटी म्हणून लिहिल्या असत्या, दोन वर्षांनी मंत्रालयाने परिषदेपुढे येऊन हिशेब द्यावा आणि तो पटला तरच पुढची दोन वर्षं, तर पर्याय शोधणं हे कुणाच्या तरी टेबलावरचं रोजचं काम झालं असतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. तारीख टाकली आणि सरकारने कामच केलं नाही, तर मुभा संपल्याची शिक्षा मुलांना द्यायची का? नाही. मुलाची मुभा त्याच्या धोक्यावर उभी आहे, धोका असेपर्यंत ती राहील. तारीख सरकारसाठी आहे. गुलामांचे हात वाचलेच पाहिजेत, आठशे दिरहम मात्र हातिबनेच द्यायचे. उमर यांनी एकाच बैठकीत दोन निवाडे दिले होते. आपल्या फतव्यांतही तसे दोन भाग का नसावेत, हे मी कॅम्पातल्या एका वयस्क मौलानासाहेबांना विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बेटा, पहिला भाग लिहायला किताब पुरते. दुसरा लिहायला सरकारला डोळ्यात डोळे घालून विचारावं लागतं."

ट्रिप्सिनपुरतं बोलायचं तर आता ते डुकराशिवाय, जीवाणू किंवा बुरशीकडून तयार करून घेता येतं आणि बाजारात मिळतंही. पण मान्यता मिळालेल्या लशीच्या प्रक्रियेत एक घटक बदलायचा म्हणजे पुन्हा चाचण्या, पुन्हा परवाने, बरीच वर्षं आणि पैसा. तो खर्च कुणी करायचा हे ठरत नाही तोपर्यंत कोणतीही कंपनी आपण होऊन हात घालणार नाही, आणि त्यात तिला दोष देता येत नाही. मोठ्या प्रमाणावर लस विकत घेणाऱ्या मुस्लिमबहुल देशांनी एकत्र येऊन 'या तारखेनंतर आम्ही अशीच लस घेऊ आणि तिची वाढीव किंमत देऊ' असा करार केला, तर हडपसरच्या कारखान्यातही तो वाचला जाईल.

मुवत्तामधला तो प्रवासी शिदोरी पाठीवर घेऊन चालतो आहे. मालिकांनी त्याला ती बांधायची परवानगी दिली, कारण पुढच्या वाटेवर गाव लागेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. पण चालत राहणं त्याने सोडलं नाही, म्हणून ती परवानगी होती.